ओळ पुढे कधी जाते

इंदूरच्या मराठी माणसाला खजराना म्हटले की आधी गणपती आठवतो. बुधवारची गर्दी, नवसाचे उलटे स्वस्तिक, बाहेरची लाडवांची दुकाने. त्याच खजरान्यात हजरत नाहरशाह वली यांचा दर्गा आहे, आणि उर्साच्या दिवसांत तिथे रात्री उशिरापर्यंत कव्वाली चालते. शास्त्रीय संगीताच्या बैठकीत वाढलेला एखादा इंदूरकर तिथे पहिल्यांदा जातो, तास-दीड तास बसतो आणि परतताना बहुधा एकच तक्रार करतो: आवाज दमदार होते, ढोलक छान होती, पण एकच ओळ किती वेळा म्हणायची? एक शेर संपायला दहा-दहा मिनिटे लागतात, आणि मध्येच भलतेच काहीतरी सुरू होते.

ही तक्रार योग्य जागेवर बोट ठेवते. कव्वालीत ओळ पुढे कधी जाते हे एकदा कळले की बाकीची रचना आपोआप उलगडते. आणि त्याचे उत्तर गायकाकडे नाही. ओळ पुढे न्यायची की तिथेच थांबायचे, हे समोर बसलेले ऐकणारे ठरवतात. गायक त्यांच्याकडे पाहून निर्णय घेतो, आणि तो निर्णय घ्यायला लागणारी उसंत त्याला मागे बसलेली मंडळी मिळवून देतात. मागच्यांनी ओळ उचलणे म्हणजे केवळ पुनरुच्चार नाही. त्या वेळात पुढचा गायक काय करतो ते पाहिले पाहिजे.

आधी मंडळी कशी बसतात ते पाहू. कव्वालांची पार्टी साधारण आठ-दहा जणांची. बहुतेक वेळा ती एका घरातली असते: भाऊ, चुलते, मुलगे, भाचे. पुढच्या रांगेत मुख्य कव्वाल, त्याच्या शेजारी दुसरा गायक, जो मुख्य गायकाची ओळ हातात घेऊन वर नेऊ शकेल इतक्या तयारीचा. पेटी या दोघांपैकी एकाच्या पुढ्यात किंवा अगदी जवळ. मागच्या रांगेत ढोलकवाला, अलीकडे जोडीला तबलाही, आणि टाळ्या देत ओळ उचलणारे चार-पाच जण. त्यांना हमनवा म्हणतात. यांतला एखादा बारा-तेरा वर्षांचा मुलगा असतो. त्याचा चढा, कोवळा आवाज उंच पट्टीत कामाला येतो, आणि त्याची शाळाही तीच. घराण्यातली शेकडो कलामे तो अशीच टाळी देता देता पाठ करतो.

दर्ग्याच्या आवारातल्या बैठकीत कव्वालांचे तोंड मजारीच्या दाराकडे असते आणि मधली जागा मोकळी ठेवलेली असते. श्रोते दोन्ही बाजूंना बसतात. समाधिस्थ संत स्वतः ऐकताहेत असे मानले जाते, म्हणून त्यांच्यासमोर कोणी आडवे बसत नाही. मजारीच्या बाजूला सज्जादानशीन किंवा त्या दिवशीचे ज्येष्ठ पीर बसतात. तेच बैठकीचे प्रमुख. या मांडणीचा व्यावहारिक फायदा असा की मुख्य गायकाला प्रमुखांचा चेहरा आणि दोन्ही बाजूंचे श्रोते एका नजरेत दिसतात. त्याच्या डोळ्यांसमोर काही येत नाही. मंडप घालून, उंच मंचावर दिवे लावून जाहीर कार्यक्रम होतो तेव्हा हीच सोय जाते. दिव्यांमुळे गायकाला समोरचा अंधार दिसतो, माणसे दिसत नाहीत.

बैठकीची सुरुवात गाण्याने होत नाही. पेटीवर एक छोटी सुरावट फिरू लागते, ढोलक तिला धरते. तिला नगमा म्हणतात, आणि जुन्या बैठकींत तिच्या लयीत अल्लाच्या नामाचा जिक्र ऐकला जातो. ढोलकीच्या वजनदार आघातालाही कव्वाल जर्बच म्हणतात, आणि जिक्र करणारा नामाचा जो ठोका आपल्या हृदयावर देतो, त्यालाही जर्बच. म्हणजे शब्द सुरू होण्याआधी बसलेल्यांचा श्वास एका लयीत आणायचे काम होऊन गेलेले असते. मग क्रम लागतो: ईश्वरस्तुतीची हम्द, प्रेषितांची नात, मग अली आणि पीर-औलियांच्या स्तुतीची मनकबत, आणि त्यानंतर प्रेमाची, विरहाची गझल किंवा हिंदवी पद. चिश्ती दर्ग्यांच्या रीतसर बैठकीत आरंभी अमीर खुसरोंच्या नावावर असलेला कौल आणि शेवटी त्यांचेच रंग गायची रीत आहे. रंग सुरू झाले की बैठक समारोपाकडे आली हे सगळ्यांना कळते. हा क्रम कव्वालाला मोडता येत नाही. बाकी जवळपास सगळे त्याला मोडता येते.

कलाम सुरू करताना मुख्य गायक ढोलक थांबवतो आणि एखादा दोहा किंवा रुबाई तालाशिवाय, मोकळ्या आवाजात म्हणतो. याचे काम एकच: विषय सांगणे. आता दिव्याबद्दल गायचे आहे की दाराबद्दल, वाट पाहण्याबद्दल की भेटीबद्दल, हे ऐकणाऱ्याच्या मनात बसले पाहिजे. त्यानंतर ढोलक येते, बहुधा केरव्यात किंवा दादऱ्यात, आणि टाळी सुरू होते.

आता एक शेर घेऊन पुढचे पाहू. समजावण्यापुरता मीच तो बांधतो, म्हणजे कोणाच्या कलामाची मोडतोड नको:

रात सारी जागकर मैंने दिया तेरा रखा
भोर आई तो खुला ये, मैं ही था जलता हुआ

पुस्तकात हा शेर वाचायला पाच सेकंद पुरतात. बैठकीत गायक पहिली ओळ म्हणतो. मंडळी ती पूर्ण उचलतात. गायक पुन्हा म्हणतो, या वेळी ‘रात सारी’ थोडे लांबवून. मंडळी पुन्हा उचलतात. दुसरी ओळ अजून आलेली नाही आणि लवकर येणारही नाही. मुशायरा ऐकलेल्याला ही रीत ओळखीची आहे, कारण शेराचे सगळे मर्म दुसऱ्या ओळीत असते आणि पहिली ओळ ऐकणाऱ्याला तहान लावते. कव्वाल ती तहान कितीतरी जास्त ताणतो.

तिसऱ्या-चौथ्या वेळी तो ओळ तोडतो. स्वतः ‘रात सारी जागकर’ एवढेच म्हणतो आणि उरलेले ‘मैंने दिया तेरा रखा’ मंडळींवर सोपवतो. यामुळे दोन गोष्टी होतात. ओळ आता दोन तोंडांतून येते, एकाच्या प्रश्नाला अनेकांनी दिलेल्या उत्तरासारखी. आणि अर्ध्या ओळीपुरता गायक मोकळा झाला. या मोकळ्या चार-सहा मात्रांत तो समोर पाहतो. कोणाची मान हलली? कोणी डोळे मिटले? प्रमुखांच्या हातातली जपमाळ कोणत्या शब्दाला थांबली?

समजा, डाव्या बाजूच्या एका वृद्ध श्रोत्याच्या तोंडून ‘तेरा’ या शब्दाला हुंकार निघाला. कव्वालाने तो पाहिला. पुढच्या फेरीत तो तुकडा आणखी लहान करतो: ‘दिया तेरा रखा’. मग ‘तेरा रखा’. मग नुसते ‘तेरा’. टाळ्या चालू आहेत, ढोलक चालू आहे, आणि मंडळी ‘तेरा, तेरा’ एवढेच म्हणताहेत. वर दुसरा गायक त्याच शब्दावर उंच स्वर लावतो. या पुनरावृत्तीला तकरार म्हणतात. बाहेरून ऐकणाऱ्याला वाटते, गाडी अडकली. आतून पाहिले तर नेमके उलटे आहे: ज्या शब्दाने माणूस हलला तो शब्द शोधून काढला गेला आणि आता बाकीचे सारे बाजूला करून फक्त तो त्याच्यापुढे ठेवला जातो आहे.

हुंकार ओसरला, पण उत्सुकता आहे असे दिसले तर गायक गिरह लावतो. म्हणजे त्या ओळीत मध्येच बाहेरून आणलेला दुसरा शेर किंवा दोहा गुंफतो, असा की त्याचा शेवट बरोबर मूळ ओळीवर येऊन टेकावा. आपल्या ओळीत दिवा आहे, तर तो तेल-वातीचा एखादा जुना हिंदवी दोहा काढेल, ताल हलका करून म्हणेल, आणि दोह्याचा शेवटचा शब्द सुटताच मंडळी ‘मैंने दिया तेरा रखा’वर कोसळतील. आता त्याच ओळीला वेगळा अर्थ येतो. मघाशी दिवा विरहिणीने लावलेला होता, आता तो साधकाने स्वतःच्या देहात लावलेला आहे. ही गिरह आधी ठरवलेली नसते. पाठ असलेल्या शेकडो दोह्यांतून या क्षणी, या माणसासाठी कोणता, हे गायकाला त्या चार-सहा मात्रांच्या उसंतीत ठरवायचे असते. मध्येच सुरू झालेले ‘भलतेच काहीतरी’ ते हेच.

या गुंफणीची एक सावली इंदूरच्या श्रोत्यांनी दुसऱ्या वाटेनेही ऐकलेली आहे. उस्ताद अमीर खाँ तराणा गाताना अंतऱ्यात फारसी रुबाई घेत. तराण्याचे बोल निरर्थक नाहीत, त्यांच्यामागे फारसी आणि सूफी अर्थ आहेत, असे त्यांचे म्हणणे होते आणि त्यांनी त्याचा पाठपुरावाही केला. ख्याल आणि कव्वाली यांचे घर फार लांब नाही. ग्वाल्हेरच्या हद्दू-हस्सू खाँसाहेबांच्या तानेवर ज्यांची छाप सांगतात ते बडे महंमद खाँ कव्वाल बच्चे परंपरेतले. तीच ग्वाल्हेर गायकी पुढे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी महाराष्ट्रात आणली.

शेवटी दुसरी ओळ येते. इतका वेळ ताणून धरल्यावर ‘भोर आई तो खुला ये’ म्हणताना गायक चाल अंतऱ्यात, वरच्या सप्तकात नेतो आणि ‘मैं ही था जलता हुआ’ला खाली स्थायीत उतरतो. त्या उतरण्यावर बैठकीतून जे उठते, ती दाद नसते. काही जण ‘हक’ म्हणतात, काही जण नुसते हात वर करतात. कोणी उभा राहतो.

मराठी वाचकाला यात वारकरी कीर्तनाची आठवण होईल, आणि ती योग्यच आहे. कीर्तनकार चरण म्हणतो, मागचे टाळकरी ध्रुपद उचलतात, मृदंग लय चढवतो, कीर्तनकार मध्ये दुसऱ्या अभंगाचे प्रमाण देऊन पुन्हा मूळ चरणावर येतो. गिरह समजायला याहून सोपी वाट नाही. पण एक फरक मोठा आहे. नामाचा गजर सुरू झाला की कीर्तनातले सगळे श्रोते गातात. दर्ग्यातल्या रीतसर बैठकीत श्रोता गात नाही, टाळी देत नाही, शेजाऱ्याशी बोलत नाही. तो वजू करून, डोके झाकून, गुडघ्यांवर बसलेला असतो. त्याच्या वाटचा आवाज मागच्या रांगेतली मंडळी लावतात. त्याला स्वतःला फक्त ऐकायचे असते, आणि या परंपरेत ऐकणे हीच साधना आहे. तिला समा म्हणतात.

म्हणूनच मागच्या रांगेची चूक फार महागात पडते. गायकाचा शेवटचा शब्द पूर्ण होण्याआधीच मंडळी ओळ उचलू लागली तर तो शब्द झाकला जातो आणि ऐकणाऱ्याला अर्थ लागत नाही. अनुभवी मंडळी गायकाच्या ओठांकडे पाहतात, समोर नाही. दुसरी चूक लयीची. उत्साहात ढोलक लवकर चढली की टाळी दुप्पट होते, शब्द आखडतात आणि पुढे चढायला जागाच उरत नाही. मग गायकाला एकच उपाय राहतो: थांबून तालाशिवाय एखादा शेर म्हणायचा आणि खालच्या लयीत पुन्हा उभे करायचे. तेही समोर कोणाची अवस्था ऐन भरात नसेल तरच. तिसरी चूक पुढच्या गायकाची असते. तो स्वतःच्या गळ्यात रमतो, ताना घेतो, सरगम करतो आणि समोरचा हुंकार त्याच्या नजरेतून सुटतो. ओळ पुढे जाते. माणूस मागे राहतो. बैठकीतले जुने लोक अशा कव्वालाला चांगला गवई म्हणतील, चांगला कव्वाल म्हणणार नाहीत.

कव्वालाला समोरचे कळावे म्हणून बैठकीकडे एक उघड खूण आहे: नजराणा. ज्याला ओळ लागली तो उठतो, प्रमुखांसमोर जाऊन वाकतो, दोन्ही हातांनी नोट पुढे करतो. ते तिला स्पर्श करून कव्वालांकडे पाठवतात. पैसा थेट गायकाला दिला जात नाही, कारण ही गाण्याची बक्षिशी नाही. पिरांच्या हातून गेल्याने ते पिरांना केलेले अर्पण ठरते. उर्साच्या मोठ्या मंडपात ही रीत ढिली होते आणि नोटा सरळ मंचावर येतात. दोन्ही ठिकाणी जमलेली रक्कम पार्टीची सामाईक असते आणि नंतर ठरलेल्या वाट्यांनी वाटली जाते. कव्वालाच्या दृष्टीने प्रत्येक नजराणा ही बातमी असते: कोणत्या शब्दाला, कोण उठला. तो माणूस जागेवर परतेपर्यंत तीच ओळ चालू ठेवायची, ही किमान सभ्यता. घराचा चरितार्थही त्याच नोटांवर चालतो, हे लपवण्याचे कारण नाही. कव्वालाच्या नजरेत भक्ती आणि रोजी दोन्ही असतात, आणि घराण्यातल्या कव्वालाला त्यात विसंगती वाटत नाही.

हुंकार, डोलणे, अश्रू यांच्या पुढची पायरी म्हणजे हाल. माणसाचे भान सुटते, तो उभा राहतो, थरथरतो, फिरतो. अशा वेळी बैठकीचे दोन कडक नियम लागू होतात. प्रमुख उठून उभे राहिले की सगळ्यांनी उभे राहायचे आणि ते बसेपर्यंत बसायचे नाही. आणि कव्वालाने ज्या शब्दांवर हाल आला ते शब्द सोडायचे नाहीत. लय तीच, चाल तीच, शब्द तेच. तो माणूस शांत होऊन खाली बसेपर्यंत. मध्येच तोडले तर त्याला इजा होईल, अशी ठाम समजूत आहे.

या नियमामागे एक प्रसंग सांगितला जातो. 1235 साली दिल्लीत शेख कुतुबुद्दीन बख्तियार काकी समा ऐकत बसले होते. गाणाऱ्याने अहमद-ए-जाम यांचा एक फारसी शेर म्हटला. आशय असा की जे शरणागतीच्या सुऱ्याने मारले गेले, त्यांना अदृश्यातून क्षणोक्षणी नवे प्राण मिळतात. काकींना हाल आला. त्यांना घरी आणले, पण अवस्था उतरेना. नमाजाच्या वेळी ते भानावर येत, नमाज पढत आणि पुन्हा तोच शेर म्हणायला सांगत. असे चार दिवस चालले आणि त्यातच त्यांचे निधन झाले. ही हकीकत निजामुद्दीन औलियांनी आपल्या शिष्यांना सांगितली आणि कवी अमीर हसन सिजझी यांनी ती ‘फवाइद-उल-फुआद’ या संवादग्रंथात नोंदवून ठेवली. लोकांच्या तोंडची आवृत्ती आणखी धारदार आहे: पहिल्या ओळीला त्यांचे प्राण जात आणि दुसरीला परत येत, म्हणून कव्वाल दुसऱ्या ओळीशिवाय थांबायला घाबरत. ही इतिहासाची नोंद नाही. पण कव्वाल पहिल्या आणि दुसऱ्या ओळीमधल्या अंतराकडे कोणत्या नजरेने पाहतात, ते त्यातून नेमके कळते.

हा ग्रंथ लिहिणारे हसन सिजझी महाराष्ट्रातच चिरविश्रांती घेत आहेत, खुलदाबादला. महंमद तुघलकाने दिल्लीची माणसे दौलताबादला हलवली तेव्हा निजामुद्दीनांचे कित्येक शिष्य दख्खनमध्ये आले. त्यांतले सर्वांत ज्येष्ठ शेख बुऱ्हानुद्दीन गरीब. त्यांचे निधन 1337 साली झाले आणि त्यांचा दर्गा खुलदाबादलाच आहे. इंदूरकरांनी त्यांचे नाव रोज उच्चारलेले असते, फक्त ते लक्षात येत नाही: खंडव्यावरून दक्षिणेला गेले की तापीकाठी लागणारे बुऱ्हाणपूर फारुकी सुलतानांनी त्यांच्याच नावाने वसवले, आणि पलीकडच्या तीरावरचे जैनाबाद त्यांचे उत्तराधिकारी जैनुद्दीन शिराझी यांच्या नावाने.

बुऱ्हानुद्दीन समाचे इतके वेडे होते की भावावस्थेत डोलण्या-नाचण्याची त्यांची खास रीत होती आणि तिच्यावरून त्यांच्या शिष्यांना ओळखत. पण त्यांच्या बैठकीची शिस्तही तितकीच कडक होती. सूफींचे जुने सूत्र असे की समाला तीन गोष्टी जुळाव्या लागतात: काळ, स्थळ आणि सोबती. पहिल्या दोन सहज पटतात. नमाजाची वेळ नको, गडबडीची जागा नको. तिसरी विचार करायला लावणारी आहे. ऐकणे ही खरे तर ज्याच्या त्याच्या मनातली गोष्ट, मग सोबती कशाला? उत्तर असे की एक कोरडा, टवाळ किंवा नुसता कुतूहलाने आलेला माणूस सगळ्या बैठकीला आवर घालतो. त्याच्या देखत दुसऱ्याला रडता येत नाही. उलट बैठकीत एकाला हाल आला की त्याच्या निमित्ताने तीच ओळ सगळ्यांना पुनःपुन्हा ऐकायला मिळते. त्याच्यासाठी थांबलेला शब्द शेजाऱ्याच्याही आत जातो. गर्दीतला प्रत्येक जण एकट्यानेच ऐकतो, पण दुसऱ्यामुळे जास्त ऐकतो. निजामुद्दीनांनी समाच्या अटी सांगताना गाणारा आणि गायले जाणारे शब्द यांच्याबरोबरच ऐकणारा कसा असावा हेही सांगितले होते, ते याचसाठी. त्यांच्या अटींत वाद्यांना जागा नव्हती. आज पेटी-ढोलकीशिवाय कव्वालीची कल्पना होत नाही, पण ऐकणाऱ्यावरची अट तशीच आहे.

हाल खरा कशावरून? हा प्रश्न जुन्या सूफींनाही पडला होता. आपसूक आलेली अवस्था वज्द, आणि मुद्दाम आणलेली तवाजुद, असा भेद त्यांनी केला. मुद्दाम आणलेली सरसकट खोटी मानली नाही. मनापासून ओढ असेल तर देहाने सुरुवात करावी, मन मागून येईल, अशी सवलत दिली. दिखाऊपणा मात्र निषिद्ध. बैठकीतले जाणते लोक पारख करताना शब्दाकडे पाहतात. ज्याला खरोखर ओळ लागली तो त्या शब्दाच्या येण्याबरोबर हलतो आणि शब्द थांबला की तडफडतो. ज्याला केवळ ढोलक चढली तो लय दुप्पट झाली की नाचू लागतो, मग शब्द कोणतेही असोत. पहिल्याला बैठक सांभाळते, दोघे जण हात धरून आधार देतात. दुसऱ्याला प्रमुख नुसत्या नजरेने खाली बसवतात.

हे सगळे ध्यानात घेतले की ध्वनिमुद्रित कव्वाली का वेगळी लागते ते कळते. जुन्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम सव्वातीन मिनिटे मावत. त्यात आपला एक शेरही बैठकीच्या रीतीने संपला नसता. म्हणून तकरार गेली, गिरह आधीच ठरवून बांधली गेली, आणि मंडळींचे उत्तर ठरावीक जागी, ठरावीक वेळा येणारे पालुपद झाले. ऐकणारा समोर नसल्यावर त्याच्यासाठी थांबणार कोण? चित्रपटाने आणखी पुढचे पाऊल टाकले. 1945 च्या ‘झीनत’मध्ये बायकांची कव्वाली आली, 1960 च्या ‘बरसात की रात’मध्ये दोन पार्ट्यांचा सामना आला, आणि मुंबईच्या मंचावर तर मुकाबला हाच कार्यक्रम झाला. तिथे प्रतिसादाची दिशाच बदलली. एका पार्टीच्या सवालाला दुसरी पार्टी जवाब देते आणि श्रोते पंच होतात. महाराष्ट्रात भीमगीतांनी हा सामना उचलला आणि आपलासा केला. मुकाबल्याचा तो बाज वस्ती-वस्तीत पोचला तो त्यातल्या मंडळींच्या उत्तरामुळेच. दहा जणांनी मिळून उचललेली ओळ लोकांच्या तोंडी बसते. मंचावरच्या कव्वालीला मी कमी लेखत नाही. फक्त तिथे ओळ पुढे कधी जाते हे मंच ठरवतो, ऐकणारा नाही, आणि म्हणून ती समा नाही.

खजरान्यात किंवा खुलदाबादला उर्साच्या वेळी जायचा योग आला तर एवढे सांभाळा. कव्वालांच्या समोरची मोकळी जागा ओलांडू नका, डोके झाकून बाजूला बसा, आणि अशा ठिकाणी बसा की कव्वाल आणि बैठकीचे प्रमुख दोघेही दिसतील. मोबाईल वर धरू नका, कारण तो नेमका गायकाच्या नजरेच्या वाटेत येतो. ओळ तिसऱ्यांदा आली की गायकाकडे पाहणे सोडून तो कोणाकडे पाहतो आहे ते पाहा.